पर्वतांची मुळे आणि वर येणारी जमीन

पर्वत केवळ भूमीवर उभा नसतो, तो भूमीत रुतलेलाही असतो. या सत्याचा माग भारताच्याच मोजणीत लागला.

एकोणिसाव्या शतकात महा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने मध्य भारतातील कल्याणपूर आणि हिमालयाच्या बाजूचे कालियाना या दोन ठिकाणांमधील अक्षांशीय अंतर दोन रीतींनी काढले. एकदा जमिनीवरील त्रिकोणांनी आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांनी. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक पडला. जमिनीवर तो सुमारे १६० मीटर भरतो. तारे पाहताना ऊर्ध्व दिशा ओळंब्याने ठरते आणि हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, हे कारण उघड होते. परंतु १८५५ मध्ये कलकत्त्याचे धर्माधिकारी प्रॅट यांनी गणित केले, तेव्हा फरक जवळजवळ १६ विकलांचा यायला हवा होता. पर्वत अपेक्षेच्या एकतृतीयांशच ओढत होता!

त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उलगडा सुचविला. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो अधिक वर दिसतो, तो पाण्याखालीही अधिक खोल असतो. तसेच हलके कवच खालच्या जड प्रावरणावर तरंगते. पर्वताखाली जड खडकाची जागा हलक्या मुळाने घेतलेली असल्यामुळे ओढ कमी पडते. या समतोलास समस्थायित्व म्हणतात.

आपण हिशेब करून पाहू. कवचाची घनता २.८ व प्रावरणाची ३.३ धरली, तर फरक ०.५ येतो. ५ किलोमीटर उंचीचा भार तोलण्यास मुळाची खोली ५ × २.८ ÷ ०.५, म्हणजे २८ किलोमीटर हवी. सामान्य कवच ३५ किलोमीटर धरल्यास एकूण जाडी ६८ होते. तिबेटखाली भूकंपलहरींनी सुमारे ७० किलोमीटर जाडी आढळते.

मात्र प्रत्येक डोंगराला मूळ नसते. आपल्या शेजारच्या माहुलीसारख्या एकट्या डोंगराचा भार कवचाचा ताठरपणाच पेलतो. समतोल विस्तीर्ण प्रदेशांचा असतो.

भार उतरला तर काय होते? हिमयुगात स्कँडिनेव्हियावर सुमारे ३ किलोमीटर जाडीचा बर्फ होता. बर्फाची घनता ०.९ असल्याने ३ × ०.९ ÷ ३.३, म्हणजे सुमारे ८०० मीटर जमीन खचू शकते. बर्फ वितळला, तरी जमीन लगेच वर आली नाही. कारण बाजूला सरकलेले प्रावरण घन असूनही अतिशय संथ वाहत परत येते. म्हणून बर्फ जाऊन सुमारे दहा हजार वर्षे लोटली, तरी बोथनियाच्या आखाताचा किनारा आजही वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर उचलला जातो. सेल्सियस यांनी १७३१ मध्ये तेथील खडकावर पाण्याची पातळी खोदून ठेवली. पाणी त्या खुणेच्या खूप खाली गेले आहे. त्यांना वाटले, समुद्र आटतो आहे. प्रत्यक्षात जमीन वर येत होती.