लॅपटॉपमधील दोन चिप्स : खेळ कोणती चालवते?

काही लॅपटॉपांत ग्राफिक्सच्या दोन चिप्स असतात. एक प्रोसेसरमध्येच असलेली अंगभूत चिप आणि दुसरी अधिक शक्तिमान, स्वतंत्र चिप. खेळ सुरू करून पडद्याची माहिती पाहावी, तर तेथे अंगभूत चिपचेच नाव दिसते. मग स्वतंत्र चिप स्वस्थ बसून आहे काय?

तसे नाही. एनव्हिडियाने २०१० साली आणलेल्या ऑप्टिमस पद्धतीत पडद्याची तार अंगभूत चिपलाच जोडलेली असते. स्वतंत्र चिप चित्र रेखाटते, त्याची नकल अंगभूत चिपच्या स्मृतीत पाठवते आणि तेथून ते पडद्यावर जाते. म्हणून खेळ चालू असताना दोन्ही चिप्स कामात दिसतात.

या नकलेत किती वेळ जातो? १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास एका चित्राचे सुमारे ८३ लाख बाइट होतात. चिप्समधील मार्ग सेकंदाला ३९० कोटी बाइट वाहून नेत असेल, तर एका चित्रास सुमारे २ मिलिसेकंद लागतील.

आता समजा, अंगभूत चिपला एक चित्र रेखाटण्यास ४० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला २५ चित्रे. स्वतंत्र चिपला १२ लागतात. त्यांत नकलेचे २ मिळवले तरी १४ होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ७१ चित्रे. प्रत्यक्षात नकल व पुढचे रेखाटन बरोबरीने चालू शकते, म्हणून तोटा याहूनही कमी असतो.

खात्री कशी करावी? विंडोजमध्ये Task Manager उघडून Processes या भागात GPU engine हा रकाना पाहावा. तेथे खेळापुढे कोणत्या क्रमांकाची चिप आहे ते कळते. तो क्रमांक कोणत्या चिपचा, हे Performance या भागात दिसते. चुकीची चिप असल्यास Settings मध्ये System, Display, Graphics या क्रमाने जाऊन खेळासाठी High performance निवडावे व खेळ बंद करून पुन्हा सुरू करावा.

आता Power saving निवडून तोच प्रसंग पुन्हा खेळा आणि दोन्ही वेळची चित्रसंख्या लिहून ठेवा. दोन्ही वेळा ६० च आली, तर खेळाने पडद्याच्या गतीची मर्यादा पाळली असावी; ती सोय बंद करून पाहा. त्याहून कमी येऊनही फरक नसेल, तर बिंदूंची संख्या घटवा. तरीही चित्रे वाढली नाहीत, तर बहुधा अडसर प्रोसेसरचा आहे. एका चित्रामागील आकडेमोडीला त्यालाच ३० मिलिसेकंद लागत असतील, तर कोणतीही चिप सेकंदाला ३३ हून अधिक चित्रे देणार नाही.

हे मोजमाप करताना चार्जर मात्र जोडलेला असावा. केवळ बॅटरीवर स्वतंत्र चिपला पुरेशी वीज मिळत नाही आणि तिची गती उतरते.