शिष्यवृत्तीची गुणमर्यादा आणि योजनेचा खरा परिणाम

शिष्यवृत्ती मिळालेले विद्यार्थी पुढील परीक्षांत इतरांपेक्षा अधिक गुण मिळवितात, हे सर्वत्र दिसते. पण तेवढ्यावरून शिष्यवृत्तीमुळे गुण वाढले, असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली ते मुळातच हुशार होते, म्हणून तर त्यांना ती मिळाली. धोरण मूल्यमापनाच्या स्वाध्यायात हीच अडचण पहिल्यांदा समोर येते. ती सोडविण्याचा एक मार्ग म्हणजे ‘रिग्रेशन डिसकंटिन्युइटी’. या लेखात तिला सोयीसाठी ‘सीमारेषा पद्धत’ म्हटले आहे.

मूळ कल्पना

अमेरिकेतील डोनाल्ड थिसलथ्वेट आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये ही पद्धत प्रथम मांडली, तीही शिष्यवृत्ती परीक्षेच्याच संदर्भात. ठरावीक गुणांची मर्यादा ओलांडणाऱ्यांना गुणवत्ता प्रमाणपत्र मिळे आणि थोडक्यात हुकलेल्यांना ते मिळत नसे. या दोन गटांची तुलना करून त्या सन्मानाचा पुढील वाटचालीवर काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासले.

यामागील तर्क साधा आहे. मर्यादा ६० गुणांची असेल, तर ५९ आणि ६० गुण मिळविणाऱ्यांच्या बुद्धीत किंवा कष्टात फारसा फरक नसतो. एखादा प्रश्न बरोबर सुटणे किंवा चुकणे, परीक्षेच्या दिवशी प्रकृती बरी असणे किंवा नसणे, एवढाच तो फरक. पण एकाला शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून ६० च्या रेषेवर पुढील निकालात अचानक उडी दिसली, तर ती शिष्यवृत्तीची मानण्यास सबळ आधार मिळतो.

एक सोडविलेले उदाहरण

समजा, कृषी पदविकेच्या प्रवेश परीक्षेत ६० किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या प्रत्येकाला शिष्यवृत्ती दिली जाते. तिचा दुसऱ्या वर्षाच्या गुणांवर काय परिणाम झाला, हे शोधायचे आहे. पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक गटातील विद्यार्थिसंख्या सारखी आहे, असे मानू.

| प्रवेश परीक्षेतील गुण | दुसऱ्या वर्षाचे सरासरी गुण |
|---|---|
| ५४–५५ | ५२.६ |
| ५६–५७ | ५४.२ |
| ५८–५९ | ५५.८ |
| ६०–६१ | ६१.४ |
| ६२–६३ | ६३.० |
| ६४–६५ | ६४.६ |

रेषेखालील तीन गटांची सरासरी ५४.२ आणि रेषेवरील तीन गटांची ६३.० आहे. म्हणजे फरक ८.८ गुणांचा. हाच शिष्यवृत्तीचा परिणाम म्हणून नोंदविणे ही स्वाध्यायात वारंवार होणारी चूक आहे.

तक्ता पुन्हा पाहावा. शिष्यवृत्ती नसलेल्या बाजूलाही प्रवेशाचे गुण दोनने वाढले की पुढील गुण १.६ ने वाढतात. म्हणजे प्रवेशाच्या प्रत्येक गुणामागे ०.८ गुणांची चढण आहे, आणि रेषेवरील बाजूलाही ती तेवढीच आहे. दोन्ही बाजूंच्या गटांच्या मध्यबिंदूंत ६ गुणांचे अंतर असल्याने ६ × ०.८ = ४.८ गुणांचा फरक या चढणीनेच निर्माण होतो. तो वजा केल्यावर उरतात ४ गुण.

हेच आलेखावर करता येते. आडव्या अक्षावर प्रवेशाचे गुण आणि उभ्या अक्षावर दुसऱ्या वर्षाचे गुण घेऊन दोन्ही बाजूंना स्वतंत्र रेषा काढाव्यात. डावीकडील रेषा ६० पर्यंत वाढविली की ती ५७ वर पोहोचते आणि उजवीकडील रेषा ६० पर्यंत मागे आणली की ६१ वर थांबते. दोन टोकांमधील ४ गुणांची उडी हा शिष्यवृत्तीचा अंदाजित परिणाम.

पात्र ठरलेल्या सर्वांनाच शिष्यवृत्ती मिळते असे नाही. कोणाचा दाखला वेळेत मिळत नाही, कोणाचे बँक खाते जोडलेले नसते. रेषेवर शिष्यवृत्ती मिळण्याचे प्रमाण शून्यावरून १०० ऐवजी ८० टक्क्यांपर्यंतच वाढत असेल, तर ४ ला ०.८ ने भागावे. केवळ पात्र ठरल्यामुळे गुणांत काही फरक पडत नसेल, तर प्रत्यक्ष लाभामुळे होणारा परिणाम ५ गुणांचा येतो.

निष्कर्षावर विश्वास केव्हा ठेवावा

पहिली तपासणी संख्येची. ५७, ५८, ५९, ६०, ६१ असे प्रत्येक गुण मिळविणारे किती, हे मोजावे. ५८ वर ४०, ५९ वर केवळ १० आणि ६० वर ७५ विद्यार्थी आढळले, तर ५९ वाल्यांना कोणीतरी रेषेपलीकडे नेले असावे. वाढीव गुण कोणाला मिळाले, फेरतपासणीचा अर्ज कोणाच्या पालकांनी केला, हे योगायोगाने ठरत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंचे विद्यार्थी सारखे राहत नाहीत आणि तुलनेचा पायाच ढासळतो.

दुसरी तपासणी आधीच्या गोष्टींची. दहावीचे गुण, कुटुंबाची जमीन, वय यांवर शिष्यवृत्तीचा परिणाम होणे शक्य नाही. त्यांतही ६० वर उडी दिसली, तर रेषेच्या दोन बाजूंना वेगळेच विद्यार्थी आहेत, असे समजावे.

तिसरी तपासणी कागदपत्रांची. त्याच ६० गुणांवर वसतिगृहातील प्रवेश किंवा अन्य सवलतही अवलंबून असेल, तर ४ गुणांच्या उडीतील वाटा कोणाचा, हे आकडे सांगू शकत नाहीत.

या तिन्ही कसोट्या पार पडल्या, तरी उत्तर रेषेजवळच्या विद्यार्थ्यांपुरतेच असते. ४० गुण मिळविणाऱ्याला शिष्यवृत्ती दिली असती तर काय झाले असते, हे त्यातून कळत नाही. मर्यादा ६० वरून ५८ वर आणावी का, या प्रश्नाला मात्र हे उत्तर उपयोगी पडते.

कृषी योजनांतील सीमारेषा

लोकसंख्या, जमीनधारणा किंवा उत्पन्न यांच्या मर्यादेवर लाभ ठरणाऱ्या योजनांना हाच विचार लागू होतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वस्तीच्या लोकसंख्येनुसार रस्त्यांना प्राधान्य देण्यात आले आणि ५०० व १००० या आकड्यांवर सीमारेषा निर्माण झाल्या. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांनी त्यांचा आधार घेऊन केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या रस्त्यांचा ठळक परिणाम म्हणजे मजूर शेतीबाहेरील कामांकडे वळले. शेतीतील उत्पादन, उत्पन्न आणि मालमत्ता यांत मात्र मोठा बदल आढळला नाही. रस्ता झालेल्या आणि न झालेल्या सर्व गावांची सरसकट तुलना केली असती, तर आधीच मोठी आणि सधन असलेली गावे रस्त्याचे यश म्हणून मोजली जाण्याचा धोका होता.

दोन हेक्टरांच्या मर्यादेवर आधारलेल्या योजनेचे मूल्यमापन करताना विस्तार कार्यकर्त्याने प्रथम योजनेपूर्वीचे भूमी अभिलेख मिळवावेत. योजना जाहीर झाल्यानंतर कुटुंबांत वाटण्या होऊन १.९ हेक्टरची खाती एकाएकी वाढली असतील, तर नवे अभिलेख तुलनेस निरुपयोगी ठरतात. जमिनीची विभागणी योजनेपूर्वीच्या तारखेनुसार घेतली, तरच रेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा शेतकरी खऱ्या अर्थाने एकमेकांशी तुलनीय राहतो.