आधी सभागृह, मग भाषण

पालघरला १४ ऑगस्ट हा हुतात्मा दिन. १९४२ साली याच दिवशी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्या निमित्ताने बोईसरला एका सभागृहात व्याख्यान ठेवलं होतं. मी आयोजकांपैकी, त्यामुळे शेवटच्या रांगेमागे उभा होतो. वक्ते अभ्यासू, सुरुवातही छान झाली. मग पाऊस कोसळला आणि पत्र्याखाली माझ्यापर्यंत एक शब्द पोचेना. माइकचा आवाज वाढवला तर शिट्टी वाजायला लागली. तेवढ्यात वीज गेली. जनरेटर लगेच लागला, पण प्रोजेक्टरचा तापलेला दिवा निवल्याशिवाय पुन्हा पेटेना. अखेर पेटला तेव्हा पडद्यावर मराठीच्या जागी अक्षरांची भेळ होती.

पुढच्या वर्षी बोलायची पाळी माझ्यावर आली. तेव्हा २४ जुलैला तयारी सुरू केली ती सभागृहापासून. बहुतेक जण जागा शेवटी बघतात. माझं मत उलट आहे. भाषण किती लांब, किती स्लाइडचं आणि कुठे तोडता येईल असं हवं, हे जागाच ठरवते.

पहिल्या आठवड्यात सभागृह पाहा, तेही भर पावसात. एकाला मंचावर बोलायला लावून स्वतः मागे जा. ऐकू येत नसेल तर मागच्या रांगा काढून खुर्च्या पुढे घ्या. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. बोलणाऱ्याच्या मागे असले की शिट्टी ठरलेली. खिडक्यांना पडदे आहेत का, प्रोजेक्टरला कोणती केबल लागते, जनरेटरवर नेमकं काय काय चालतं, हे तिथल्या वायरमनला विचारा. व्यवस्थापकाला बहुधा ठाऊक नसतं. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार का, तेही विचारून ठेवा. विरारपलीकडे गाड्या मोजक्याच. परतीची लोकल पाहूनच कार्यक्रमाची वेळ ठरवा, नाहीतर अर्धं सभागृह तुमच्या शेवटच्या मुद्द्याला चपला शोधत असतं.

याच आठवड्यात मसुदा लिहायचा. मी मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतो. म्हणजे पंचवीस मिनिटांना पावणेतीन हजार शब्द. पाऊस आणि टाळ्या धरून मी चोवीसशेवर थांबलो. ‘१९४२चा लढा’ हा विषय एवढ्यात मावत नाही. म्हणून एकच प्रश्न धरला: सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड अशा गावांतली माणसं पालघरच्या कचेरीपर्यंत का चालत गेली? त्याचे तीन तुकडे केले, प्रत्येक आपल्यापुरता पूर्ण. सरीचा जोर वाढला तर तुकडा संपवून थांबता येतं आणि पुन्हा सुरू करताना मागचं उगाळावं लागत नाही.

दुसरा आठवडा मोठ्याने बोलण्याचा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी लवकर संपतं, त्या वेळेवर विसंबू नका. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. मुद्दा जिथे दोनदा आला असेल तिथला दुसरा काढा, बहुतेकदा तोच आपल्याला जास्त आवडलेला असतो. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे, रामप्रसाद तिवारी ही नावं मी पाठ केली आणि स्थानिक उच्चार जाणत्यांकडून तपासून घेतले. समोर त्यांच्या गावचे लोक बसणार होते. तिथे नाव चुकलं तर पुढचं कुणी ऐकत नाही.

स्लाइड तिसऱ्या आठवड्यात, तोपर्यंत हात लावायचा नाही. नाहीतर भाषण स्लाइडच्या मागे फरफटतं. मला सहा पुरल्या: एक नकाशा, बाकी छायाचित्रं आणि नावं. जुन्या मराठी फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर फुटतो, म्हणून सगळं युनिकोडमध्ये टंकून पीडीएफ करा, एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक छापील. अक्षराचा आकार घरीच तपासता येतो. आमचा पडदा आठ फुटी, शेवटची खुर्ची अट्ठेचाळीस फुटांवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या सहापट. लॅपटॉपचा पडदा फूटभर असेल तर सहा फुटांवरून वाचून पाहा. नकाशावरची गावं मला तेवढ्यावरून दिसली नाहीत, म्हणून चारच ठेवली.

शेवटच्या दोन दिवसांत मजकूर बदलू नका. एक तालीम सभागृहातच, त्याच माइकवर करा. तोंडापासून चार बोटं अंतर धरायची सवय तिथेच लागते. एक तालीम स्लाइडशिवाय. पहिला तुकडा तर मी मुद्दामच पडद्याविना बसवला होता, कारण प्रोजेक्टर सुरुवातीलाच रुसतो. आणि शेवटची दहा मिनिटं रिकामी सोडा. हुतात्म्यांच्या गावातून आलेल्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायचे नसतात, सांगायचं असतं. त्यांच्यासाठी दुसरा माइक खाली, रांगांमध्ये ठेवायला सांगा.