अभिप्रायाला उत्तर देताना उपचारांची नावे कशी यावीत?

कुहीसारख्या तालुक्याच्या गावी दवाखान्याची माहिती पूर्वी तोंडोतोंडी पसरत असे. आजही ती तशीच पसरते. परंतु मांढळ, वेलतूर वा पचखेडीहून रुग्ण निघण्यापूर्वी नागपुरात किंवा पुण्यात नोकरी करणारा त्याचा मुलगा मोबाईलवर दवाखान्याचे नाव पाहतो, तेथील अभिप्राय वाचतो आणि त्याखालील वैद्यांची उत्तरेही वाचतो. गुगलवरील या व्यवसाय-पानास २०२१ पासून गुगल बिझनेस प्रोफाइल असे नाव आहे. पान तयार कसे करावे याविषयी प्रस्तुत लेखात लिहिण्याचे प्रयोजन नाही. अभिप्रायांना द्यावयाच्या उत्तरांची भाषा, आणि त्या भाषेत आपल्या उपचारांची व सेवांची नावे कोठे शोभतात व कोठे खटकतात, एवढाच विषय आम्ही घेत आहोत.

अलीकडे अनेक पानांवर पुढील धर्तीचे उत्तर आढळते: “धन्यवाद! आयुर्वेदिक डॉक्टर कुही, पंचकर्म कुही, संधिवात उपचार कुही नागपूर, बेस्ट आयुर्वेदिक क्लिनिक नागपूर येथे पुन्हा या.” असे उत्तर बहुधा वैद्य स्वतः लिहीत नाहीत. पान सांभाळण्याचे काम घेतलेला एखादा तरुण ते लिहून देतो, आणि शोधणाऱ्याने हे शब्द टाकले की आपला दवाखाना वर दिसेल, असे कारण सांगतो. या कारणाचा आधार तपासून पाहावा. स्थानिक शोधातील क्रम अनुरूपता, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतो, असे गुगलने आपल्या मदत-पृष्ठांवर नमूद केले आहे. अभिप्रायांची संख्या व गुण यांचा विचार होतो असेही तेथे म्हटले आहे आणि अभिप्रायांना उत्तर द्यावे असा सल्लाही आहे. मात्र मालकाने उत्तरात पेरलेल्या शब्दांनी क्रम वर जातो, असे आश्वासन तेथे नाही. अंतराचे म्हणाल, तर उत्तरात ‘नागपूर’ दहा वेळा लिहिल्याने कुही नागपूरच्या जवळ सरकत नाही.

अनुरूपता दाखविण्यासाठी पानावर स्वतंत्र जागा आहेत. व्यवसायाचा प्रकार निवडताना आयुर्वेदिक दवाखाना हा प्रकार घ्यावा, आणि सेवांच्या यादीत शिरोधारा, बस्ती, नस्य, अग्निकर्म, सुवर्णप्राशन अशा ज्या सेवा आपण प्रत्यक्ष देतो त्या एकेक करून लिहाव्यात. व्यवसायाच्या नावात मात्र काही जोडू नये. फलकावर जे नाव आहे तेच तेथे असावे, असा गुगलचा नियम आहे. एवढी यादी नीट भरली की उत्तरावरचा शब्दांचा भार आपोआप उतरतो. मग उत्तरात सेवेचे नाव यंत्रासाठी नव्हे, तर वाचणाऱ्या माणसासाठी येते. तो माणूस अभिप्राय लिहिणारा असतोच. पण त्याहून अधिक, उद्या येण्याच्या विचारात असलेला दुसरा कोणी असतो.

मराठीत कोंबलेला शब्द लगेच उघडा पडतो, त्याचे कारण आपल्या व्याकरणात आहे. वाक्यात खऱ्या अर्थाने आलेले नाम सामान्यरूप व प्रत्यय घेऊन येते: पंचकर्मासाठी, काढ्याची, कुहीत, मांढळहून. शोधासाठी ठेवलेला शब्द प्रत्ययावाचून उभा असतो: ‘पंचकर्म कुही’. वाक्यात नातेच नसल्याने त्याला प्रत्यय लागू शकत नाही. म्हणून पहिली परीक्षा अशी की, उत्तरातील सेवेच्या नावाला विभक्ती लागली आहे का ते पाहावे. दुसरी परीक्षा अधिक कसाची आहे. ते नाव वाक्यातून खोडून पाहावे. वाक्य पूर्वीइतकेच पूर्ण राहिले, तर शब्द कोंबलेला होता; वाक्य लंगडे झाले, तर तो तेथलाच होता.

एक नमुना घेऊ. हा अभिप्राय आम्ही उदाहरणासाठी रचला आहे, पण आपल्या भागातील वैद्यांना तो ओळखीचा वाटेल. “आईचे गुडघे लय दुखत होते. डॉक्टर साहेबांनी गरम तेलाचं पाळं बांधून उपचार केला. आता आराम आहे. फक्त बसून राहा लागते, नंबर उशिरा लागते.” पाच तारे मिळायचे तेथे चार मिळाले आहेत. याला नेहमीचे उत्तर असे जाते: “धन्यवाद. आपल्या मातोश्रींचा संधिवात आमच्या जानुबस्ती व पंचकर्म उपचाराने बरा झाला, याचा आनंद आहे. कुहीतील सर्वोत्तम सांधेदुखी उपचारासाठी पुन्हा भेट द्या.” येथे विभक्ती आहेत, तरी दोष तीन आहेत. लेखकाने न सांगितलेले निदान वैद्याने चारचौघांत सांगितले. ‘आराम आहे’ याचे ‘बरा झाला’ असे केले. आणि अभिप्रायात जी एकच तक्रार होती, तिला उत्तरच दिले नाही.

आता तक्रारीपासून सुरुवात करून लिहू: “आवर्जून लिहिल्याबद्दल आभारी आहोत. थांबावे लागते ही तक्रार रास्त आहे. जानुबस्तीला प्रत्येकी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे मागच्यांचा खोळंबा होतो. आता जानुबस्तीची वेळ आदल्या दिवशी फोनवर ठरवून देतो. बाजाराच्या दिवशी गर्दी असते. दुरून येणाऱ्यांनी त्या दिवशी सकाळी लवकर यावे.” लेखकाने ज्याला ‘तेलाचं पाळं’ म्हटले, त्याचे शास्त्रीय नाव येथे सहज आले, कारण उशिराचे कारणच तो विधी आहे. उडदाच्या पिठाचे पाळे बसविणे, तेल कोमट राखणे आणि शेवटी पुसून घेणे यांत वेळ जातो, हे वाचणाऱ्याला कळते. जानुबस्ती हा शब्द खोडून पाहा. ‘प्रत्येकी अर्ध्या तासाहून अधिक वेळ’ कशाला लागतो ते कळणार नाही. कुहीचे नाव आलेच नाही. पानावर पत्ता आहे, त्यामुळे ते येण्याची गरज नव्हती. गावाचे नाव रस्ता, एस.टी.ची वेळ किंवा दुसऱ्या शाखेचा दिवस सांगताना यावे.

या उत्तरात ‘आपल्या आईंना’ असेही आम्ही लिहिले नाही, याकडे लक्ष द्यावे. लेखकाने स्वतः आईचा उल्लेख केला असला, तरी ती आपली रुग्ण होती याची पुष्टी वैद्याने जाहीरपणे करू नये. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, ही शिकवण चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देतानाच दिलेली आहे. आधुनिक काळातील दाखला अमेरिकेतील डॅलसचा आहे. तेथील एलिट डेंटल असोसिएट्स या दंतचिकित्सालयाने अभिप्रायांना उत्तर देताना रुग्णांची माहिती उघड केली, म्हणून २०१९ मध्ये त्याला दहा हजार डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, परंतु चूक कशी घडते ते त्यावरून दिसते. बचावाच्या किंवा कौतुकाच्या भरात माणूस तपशील लिहून जातो. म्हणून वाक्याचा कर्ता रुग्ण न ठेवता दवाखान्याची पद्धत ठेवावी. ‘तुम्हाला केलेली बस्ती’ असे न म्हणता ‘आमच्याकडे बस्ती सकाळी दिली जाते’ असे म्हणावे.

रोगांच्या नावांचा विचार वेगळा करावा लागतो. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत चौपन्न नोंदी आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, पक्षाघात, संधिवात, मूतखडा, कोड, रक्तदाब, स्त्रियांचे वंध्यत्व या सर्व तेथे आहेत. म्हणजे शोधशब्द म्हणून सुचविले जाणारे बहुतेक सर्व रोग. या रोगांवर अमुक औषध चालते, अशी जाहिरात करण्यास तेथे मनाई आहे. जाहिरातीची व्याख्याही व्यापक असून सूचना, परिपत्रक, वेष्टन व अन्य दस्तऐवज तीत येतात. नोंदणीकृत वैद्याने आपल्या दवाखान्याच्या जागेत फलक लावून अमुक रोगावर येथे उपचार होतात असे लिहिण्यास कलम १४ मध्ये सूट आहे. ही सूट जागेतील फलकाला आहे. मोबाईलवरील पान म्हणजे दवाखान्याची भिंतच, असा युक्तिवाद कोणी करील. आमच्या मते त्यावर विसंबू नये. विधीचे नाव लिहावे, रोगाचे टाळावे. सुवर्णप्राशन पुष्य नक्षत्राच्या दिवशी कोणत्या वेळेत होते हे लिहिण्यात वाचकाचा फायदा आहे आणि वैद्याला धोका नाही.

औषधालयाच्या मालकांनी हे अधिक काटेकोरपणे पाळावे, कारण तो अधिनियम मुळात औषधांच्या जाहिरातीविषयी आहे. “महायोगराज गुग्गुळ घेतला, सांधे मोकळे झाले” असा अभिप्राय आला, तर त्याखाली ‘संधिवातावर आमच्याकडे उत्तम औषधे मिळतात’ असे लिहिण्याचा मोह होतो. औषधाचे नाव व रोगाचे नाव एका वाक्यात आले की जाहिरात पूर्ण होते. त्याऐवजी असे लिहावे: “धन्यवाद. गुग्गुळाचे कल्प वैद्यांच्या चिठ्ठीवरच देतो. चिठ्ठी सोबत आणल्यास मात्रा व अनुपान समजावून सांगतो. दशमूळ काढ्याचे भरड सध्या उपलब्ध आहे.” यात दोन सेवा-नावे आली आणि दोन्ही काही सांगतात. ‘उपलब्ध आहे’ हे वाक्य मात्र साठा संपला की बदलावे. उत्तर नंतर दुरुस्त करता येते व काढूनही टाकता येते, याचा फारच थोडे जण उपयोग करतात.

नाराज अभिप्रायाखाली सेवांची नावे शक्यतो येऊच नयेत. “दोनदा येऊन परत गेलो, वैद्य भेटले नाहीत” याखाली पंचकर्माची यादी वाचणाऱ्याला चीड येते. दिलगिरी, बसण्याच्या वेळा आणि दूरध्वनी एवढे पुरे. उपचाराविषयी तक्रार असेल, तर तपशिलात न शिरता प्रत्यक्ष भेटण्यास बोलवावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. उत्तरे एकेक करून लिहिली जातात, पण वाचली जातात एकाखाली एक. एका उत्तरात एक सेवा-नाव आले तर चांगले; पाच उत्तरांत तेच नाव त्याच जागी आले, तर वाचणारा तिसऱ्यालाच थांबतो. महिन्यातून एकदा आपल्या पानावरील शेवटची आठ-दहा उत्तरे सलग मोठ्याने वाचावीत, आणि शक्य असल्यास घरातील ज्येष्ठांना ऐकवावीत. वैद्यकाशी संबंध नसलेल्या माणसाला जे वाक्य दुकानाच्या पाटीसारखे ऐकू येते, ते त्याच दिवशी दुरुस्त करावे. ज्या अभिप्रायात केवळ तारे आहेत व शब्द नाहीत, त्याखाली ‘आभारी आहोत’ एवढेच लिहावे. तेथे सेवेचे नाव जोडण्यासारखे काहीच नसते.