जुना नंबर बंद, बँकेला अर्ज कसा लिहू?

प्रश्न: वडिलांच्या बचत खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद झालाय. अर्जात काय लिहावे?

उत्तर: अर्ज वडिलांच्याच नावाने, शाखा व्यवस्थापकांना लिहा. मजकूर एवढा पुरतो: ‘माझ्या बचत खाते क्र. … ला जोडलेला मोबाइल क्र. … बंद असल्याने त्यावर ओटीपी येत नाही. कृपया त्याऐवजी क्र. … नोंदवावा, ही विनंती.’ सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. उशीर मात्र करू नका. बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो आणि खात्याचे मेसेज त्याच्याकडे जाऊ लागतात. अर्ज बहुधा अडतो तो सहीवर. वडिलांचा हात थरथरत असेल, सही जुन्या नमुन्याशी जुळत नसेल, तर त्यांना शाखेत सोबत न्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.