‘पुरातला माल नाही ना?’

22 जुलै 2021च्या पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आमचं कापडाचं दुकान त्यानंतर उघडलं ते थेट 27 ऑगस्टला. पूर कसा आला, किती चढला, यावर पुष्कळ लिहून-बोलून झालं आहे. मला सांगायचं आहे ते दुकान उघडताना गिऱ्हाइकांना जो चार ओळींचा मजकूर पाठवतात, त्याबद्दल. त्या पाच आठवड्यांत आसपासच्या दुकानांचे असे बरेच मजकूर वाचनात आले. काहींनी गर्दी आणली, काहींनी नुसता घोळ घातला. आम्ही पाठवलेला मजकूर आधी देतो, मग त्यातलं एकेक वाक्य तसं का लिहिलं ते सांगतो.

“नमस्कार. 22 जुलैच्या पुरात आपलं दुकान बुडालं होतं. शुक्रवार, 27 ऑगस्टला सकाळी 10 वाजता ते पुन्हा उघडत आहे. चिखल काढायला आलेली मुलं, उधारीच्या वह्या भिजल्या तरी आपणहून बाकी आणून देणारी माणसं आणि ‘कधी उघडताय?’ असं विचारत राहिलेले तुम्ही सगळे, तुमचे मनापासून आभार. पाणी लागलेला एकही नग दुकानात विक्रीला नाही. माल पुरानंतर मागवलेला आहे. थोडा माळ्यावरचा आहे, तो उलगडून तपासला आहे. ज्यांच्या साड्या फॉल-पिकोसाठी आमच्याकडे होत्या किंवा ज्यांनी आगाऊ रक्कम दिली होती, त्यांना फोन केले आहेत. कुणी राहिलं असेल तर पावती नसली तरी या. हरतालिकेपर्यंत, म्हणजे 9 सप्टेंबरपर्यंत, साड्या, ड्रेस मटेरियल आणि तयार कपड्यांवर 10 टक्के सवलत, बिलातच वजा. शाळेचे गणवेश आणि आतले कपडे यात नाहीत. ट्रायल रूम अजून सुरू नाही. कपडा बसला नाही तर बिलासह आठ दिवसांत बदलून देऊ. मास्क लावून या.”

तारखेपासून सुरुवात करतो. दहा सप्टेंबरला गणपती, चाकरमानी त्याआधीच गावात उतरणार, त्यामुळे नारळी पौर्णिमेलाच फलक लावावा असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण तारीख दुकानाची भिंत ठरवते, मालक नाही. पाण्यात बुडालेली भिंत वरून कोरडी दिसते, हात लावला तरी कोरडी लागते, आणि आत ओल धरून असते. पाहायचं असेल तर हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर त्या भिंतीला कपाटं टेकवायची नाहीत. आमच्या मागच्या भिंतीला दव धरलं, म्हणून तिथली कपाटं वीतभर पुढे घेतली आणि खालची फळी रिकामी ठेवली. शेजारच्या एका दुकानदाराने घाईने तारीख जाहीर केली, ती पाळण्यासाठी ओल्या भिंतीला लागून नवा माल रचला, आणि आठवडाभरात घडीच्या कडांवर बुरशीचे ठिपके दिसायला लागले. पुरातून न गेलेला माल पुरातला वाटायला लागला! विजेचंही तसंच. बोर्डांत आणि पाइपांत गाळ बसलेला असतो, दिवा लागला म्हणजे वायरिंग ठीक असं नसतं. वायरमनकडून मेगर लावून तपासून घ्या आणि त्यानंतरच कुणाला तारीख सांगा.

आभार थोडक्यात मानावेत, पण नेमके मानावेत. “आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल” या वाक्यात कुणालाच आपला चेहरा दिसत नाही. चिखल काढणाऱ्या मुलांना तो ‘चिखल’ या शब्दात दिसतो. नावं मात्र देऊ नयेत. बाजारातल्या एकाने उधारी आणून देणाऱ्यांची यादीच फलकावर लावली. हेतू चांगला होता, पण ज्यांची नावं त्यात नव्हती ते सगळे आपोआप बुडवे ठरले. त्यांतल्या कित्येकांची स्वतःची घरं पाण्यात गेलेली होती. आमच्याकडेही उधारीचा उल्लेख ठेवावा की नाही यावर घरात वाद झाला. बायकोचं म्हणणं, आभारात पैशाची आठवण नको. शेवटी उल्लेख ठेवला, नावं गाळली, आणि ‘उरलेल्यांनी लवकर द्यावी’ हे वाक्य कुणी सुचवलं होतं ते काढून टाकलं. वसुली करायची तर ती समोरासमोर आणि सवडीने.

मजकुरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या मते सवलतीचं नाही, ‘पाणी लागलेला एकही नग विक्रीला नाही’ हे आहे. पुरानंतर उघडलेल्या कापडाच्या दुकानात शिरणारी प्रत्येक बाई मनात एकच प्रश्न घेऊन येते आणि साडीची घडी नाकाशी नेते. तो प्रश्न तिला विचारायला लावू नये. त्यातच त्या दुकानावर ‘सवलत’ असं लिहिलेलं असेल तर तिचा संशय पक्का होतो. चौकातल्या एका दुकानाने कारण न सांगता ‘सरसकट 50 टक्के सूट’ असा फलक लावला. माल कोरा होता, पण लोकांनी तो भिजलेला धरला आणि पन्नास टक्क्यांवरही घासाघीस केली.

वाक्य लिहायचं तर ते खरं असावं लागतं, म्हणून मालाचे तीन ढीग करावेत. बुडालेला माल एकीकडे. पाणी न लागलेला, पण बंद दुकानाच्या दमट हवेत राहिलेला दुसरीकडे. नवीन आलेला तिसरीकडे. घोटाळा होतो तो मधल्या ढिगात. आमच्याकडे पाणी माळ्याच्या थोडं खाली थांबलं, त्यामुळे वरचं सगळं वाचलं असं आम्ही धरून चाललो होतो. पण साड्या पूर्ण उलगडल्यावर काहींच्या घडीच्या रेषेवर पिवळट डाग निघाले आणि जरीच्या काही काळवंडलेल्या होत्या. वरची घडी पाहून हे कळत नाही. अशा साड्या पहिल्या ढिगात टाकल्या.

पहिल्या ढिगाचं काय करायचं, हे विमा असेल तर सर्व्हेअर येऊन पाहून जाईपर्यंत ठरवू नये. कुबट वासाने जीव नकोसा होतो, तरी फोटो काढून, नग मोजून, ढीग ठेवावा लागतो. भिजलेल्या मालाचे जे पैसे येऊ शकतात ते दाव्यातून वजा धरले जातात. म्हणून सर्व्हे आणि कंपनीशी बोलणं होण्याआधीच ‘भिजलेला माल स्वस्तात’ अशी जाहिरात केली, तर पुढे हिशोबाला वाद फुटतो. नंतरही तो माल विकायचाच असेल तर दुकानाबाहेर, वेगळ्या जागी, ‘भिजलेला’ असं स्पष्ट लिहून विकावा. जो माल टाकूनच दिला, त्याच्या खरेदीवर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. जो कमी दराने विकला, त्यावर विकल्या किमतीप्रमाणे कर लागतो. दोन्हीच्या याद्या वेगळ्या ठेवून सीएकडे द्याव्यात.

फॉल-पिकोच्या साड्यांबद्दल मजकुरात एकच वाक्य आहे, पण त्यामागे सगळ्यात जास्त वेळ गेला. दुकानात आपल्या मालाखेरीज गिऱ्हाइकाच्या वस्तू असतात, हे पूर ओसरल्यावर आठवतं. नेहमीच्या विमा पॉलिसीत दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तू वेगळ्या नोंदवलेल्या नसतील, तर त्यांची भरपाई मिळत नाही. कायद्याने, आपण योग्य काळजी घेतली असेल तर आपण देणं लागतोच असं नाही. पण लग्नाची साडी बुडालेल्या ताईंना कायदा सांगून दुकान चालत नाही. आम्ही आठवणीने यादी केली, मजकूर पाठवण्याआधी एकेकीला फोन केला, आणि आमच्याकडून घेतलेल्या साडीला तेवढ्याच किमतीची दुसरी देऊ केली. एका काकूंची साडी आईची होती. तिला बदली नव्हती, फक्त घरी जाऊन सांगणं होतं. हे फोन आधी झाले पाहिजेत. आपल्या साडीचं काय झालं ते न कळता सवलतीचा संदेश आला, तर माणूस चिडतो, आणि बरोबरच चिडतो.

आता सवलत. दहा टक्के हा आकडा कुठून आला ते सांगतो. समजा साडीची विक्री किंमत 1,000 रुपये आणि आपल्याला ती 720ला पडते. एरवी हाती 280 राहतात. दहा टक्के सोडले की 180. म्हणजे एरवी नऊ साड्या विकून जे सुटायचं, त्यासाठी चौदा विकाव्या लागतात. गणपतीच्या तोंडावर नऊच्या चौदा होऊ शकतात. वीस टक्के सोडले तर हाती 80 राहतात आणि तेवढ्याच पैशांसाठी साधारण बत्तीस विकाव्या लागतात. ते आमच्या पेठेत होणारं नव्हतं. गणवेशात मुळातच सुटतं कमी, म्हणून ते वगळले आणि तसं आधीच लिहिलं. ‘अटी लागू’ एवढंच लिहून काउंटरवर अटी सांगणं म्हणजे आभार मानून पाय ओढणं. सवलत बिलावरच वजा दाखवावी, म्हणजे जीएसटी कमी झालेल्या किमतीवर लागतो आणि गिऱ्हाइकाला ती दिसते. आणि लेबलं वाढवून मग दहा टक्के कमी करू नका. छोट्या गावात परकराचा जुना भाव दुकानदाराआधी गिऱ्हाइकाला आठवतो.

पाठवण्याची एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून संदेश फक्त त्यांनाच जातो ज्यांनी आपला नंबर जतन केलेला आहे, आणि एका यादीत 256 जणच बसतात. पुरात कित्येकांचे मोबाइल गेले होते, नव्या मोबाइलमध्ये आपला नंबर असेलच असं नाही. म्हणून तोच मजकूर मोठ्या अक्षरांत दुकानाच्या शटरवर लावा, रिक्षा स्टँडवर लावा, आणि मुंबईच्या चाकरमान्यांच्या गटांत टाकायला ओळखीच्या कुणाला तरी सांगा. आमच्याकडे पहिल्या दोन दिवसांत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो शटरवरच वाचला होता.

मुदत पाळा. नऊ तारखेच्या रात्री आम्ही फलक काढला. चौथीच्या दुपारी दोघं-तिघं सवलत मागत आले, त्यांना नाही म्हणालो. मुदतीआधी धावपळ करून आलेल्यांसमोर दुसरं काही उत्तर नव्हतं.