चेक परत आला? आधी मेमो वाचा, मग मेसेज लिहा

चेक परत आला की आपला पहिला फोन असतो, "खात्यात पैसे नव्हते तर चेक कशाला दिला?" पण चेकसोबत बँकेने दिलेला रिटर्न मेमो तुम्ही वाचला का? त्यावर कारण लिहिलेलं असतं. कधी पैसे कमी असतात, तर कधी सही जुळत नाही किंवा अक्षरी आणि अंकी रकमेत फरक असतो. सही न जुळलेल्या माणसाला तुम्ही पैशांवरून बोललात, तर पैसे मिळतील, पण गिऱ्हाईक जाईल.

म्हणून नियम एकच: मेमोवर जे आहे तेवढंच लिहायचं. समोरच्याच्या मनात काय होतं, ते लिहायचं नाही.

समजा, पाटणमध्ये तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. कोयनानगरच्या एका ठेकेदाराने दिलेला १८,५०० रुपयांचा चेक १२ जूनला परत आला. त्याच दिवशी असा मेसेज टाका:

"नमस्कार दादा. बिल नं. ४७ साठी दिलेला तुमचा १८,५०० रुपयांचा चेक आज बँकेतून परत आला. मेमोवर 'फंड्स इन्सफिशियंट' असं कारण आहे, फोटो सोबत पाठवलाय. रक्कम एनईएफटीने करता की चेक पुन्हा भरू? सोमवारपर्यंत कळवाल का?"

यात आरोप नाही, पण रक्कम, कारण आणि मुदत आहे. सही जुळली नसेल, तर शेवटी "नवीन चेक द्याल का?" एवढंच विचारा. मेसेज त्यालाच पाठवा, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर नाही.

"पुन्हा भरा" म्हणाले, तर चेकवरची तारीख बघा. त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आतच बँक चेक घेते. पैसे जमा होईपर्यंत मूळ चेक आणि मेमो हातचा सोडू नका.

आता लोक इथे चुकतात. गोड बोलणं चालू असतं आणि महिना निघून जातो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली जायचं असेल, तर चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्या उदाहरणात ही मुदत १२ जुलैला संपते. म्हणून मेसेज पाठवतानाच डायरीत १ जुलैवर खूण करा. तोपर्यंत पैसे आले नाहीत, तर वकिलाकडे जा.

नोटिशीची भाषाही तशीच असते: चेक नंबर, तारीख, परतीचं कारण आणि चेकवर आहे तेवढीच रक्कम. बँकेचे चार्जेस मागायचे तर वेगळे दाखवा, चेकच्या रकमेत मिसळू नका. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस असतात. तेवढ्यातही पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करता येते.

तुमचा पहिला मेसेज उद्या कोर्टातही वाचला जाऊ शकतो. त्यात शिवी असेल तर ती तुमच्याच अंगाशी येईल.